मोंढ्याच्या गेटवरचे भरकटलेले बाण

प्रश्न: सर, मोंढ्याच्या गेटवरच्या कॅमेऱ्यातून लागोपाठच्या दोन फ्रेम घेऊन ब्लॉक मॅचिंग करतोय. ब्लॉक ८×८, शोध ±७, ज्या जागी एसएडी सगळ्यात कमी तो मोशन व्हेक्टर. पायथॉनमध्ये सगळं स्वतः लिहिलंय. ट्रॅक्टर उजवीकडे जातो पण बाण डावीकडे येतात. मागच्या चुन्याच्या भिंतीवर काहीच हलत नाही तरी तिथले बाण कुठेही पळतात. कधीकधी ट्रॅक्टरवरच शून्य येतं. माझा कोड चुकलाय की एसएडीच भरवशाचा नाही? (नांदेड, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष)

उत्तर:

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. बाण डावीकडे येणं ही बहुधा चूकच नाही. ट्रॅक्टरवरचं शून्य कोडमुळे असू शकतं, किंवा तो ब्लॉक ट्रॅक्टरच्या कुठल्या भागावर पडलाय त्यामुळेही. भिंतीवरचे बाण मात्र कोड कितीही नीट लिहिला तरी येणारच. एसएडी म्हणजे दोन तुकड्यांतल्या पिक्सेलच्या फरकांची, चिन्ह सोडून केलेली बेरीज. तुम्ही एसएडीला विचारता, 'हा तुकडा आधी कुठे होता?' तो सांगतो, 'याच्यासारखा दिसणारा तुकडा आधीच्या फ्रेममध्ये इथे आहे.' बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर एकच निघतं आणि आपण निर्धास्त होतो. जिथे ते एक निघत नाही ती जागा ओळखता आली की निम्मं काम झालं.

तुमचा कोड माझ्यासमोर नाही, म्हणून ३×३ चा ब्लॉक आणि ±१ चा शोध घेऊन हातानेच करून दाखवतो. एकूण नऊच जागा तपासायच्या आहेत, तेव्हा तुम्हीही वहीत करून बघा. हेच आकडे नंतर तुमच्या कोडला खाऊ घाला, म्हणजे कोड कुठे घसरतो ते लगेच कळेल.

समजा ट्रॉलीच्या मागच्या टोकाला एक उजळ ठिपका आहे आणि बाकी डांबरी रस्ता. आधीच्या फ्रेममधली ५×५ ची खिडकी अशी:

```
२०  २१  २०  २२  २१
६०  ३५  २०  २१  २०
८०  ६२  ३४  २०  २२
६१  ३६  २१  २०  २१
२०  २२  २०  २१  २०
```

आणि आत्ताच्या फ्रेममध्ये, याच खिडकीच्या बरोबर मधल्या ३×३ जागेवर, हा ब्लॉक आहे:

```
६१  ३४  २१
७९  ६२  ३५
६०  ३७  २०
```

आधी जागा न हलवता, म्हणजे dx = 0, dy = 0 वर बघू. आधीच्या फ्रेममध्ये मधल्या जागेवर ३५ २० २१, ६२ ३४ २०, ३६ २१ २० आहे. पहिल्या ओळीतले फरक २६, १४ आणि ० म्हणजे ४०. दुसऱ्या ओळीत १७, २८, १५ म्हणजे ६०. तिसऱ्या ओळीत २४, १६, ० म्हणजे ४०. एसएडी १४०.

आता एक पिक्सेल डावीकडे सरकू, dx = −1, dy = 0. तिथे ६० ३५ २०, ८० ६२ ३४, ६१ ३६ २१ आहे. प्रत्येक पिक्सेलचा फरक १, फक्त मधल्याचा ०. एसएडी ८. उरलेल्या सात जागा तुम्ही करा. माझा तक्ता असा आला (वरची ओळ dy = −1, डावा रकाना dx = −1):

```
१७५  १६०  २१३
  ८  १४०  २१२
१७३  १५७  २१२
```

या तक्त्यात एकच खोल विहीर आहे आणि आजूबाजूची जमीन उंच आहे. आठच्या खालोखाल आकडा थेट १४० चा. असा तक्ता दिसला की त्या व्हेक्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये फक्त किमान किंमत न ठेवता दोन-चार ब्लॉकचा असा पूर्ण तक्ता छापायची सोय करा. मी आजही नवीन कॅमेरा लावला की पहिलं तेच करतो.

आता दिशेचं. ठिपका आधी डावीकडे होता आणि आता मध्ये आला, म्हणजे तो उजवीकडे सरकला. व्हेक्टर मात्र (−1, 0) आला. हे बरोबरच आहे, कारण ब्लॉक आपण नव्या फ्रेममधून उचलला आणि शोधला जुन्या फ्रेममध्ये. व्हेक्टर 'कुठून आलो' हे सांगतोय, 'कुठे चाललो' हे नाही. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या कोडेकमध्ये हीच रीत आहे आणि त्याला कारण आहे. तिथे नवी फ्रेम जुन्या फ्रेमच्या तुकड्यांतून उभी करायची असते, म्हणून नव्या फ्रेममधल्या प्रत्येक ब्लॉकला 'तुझा माल कुठून आणू' हे विचारावं लागतं. उलट केलं, जुन्या फ्रेममधले ब्लॉक पुढे ढकलले, तर काही जागांवर दोन-दोन ब्लॉक येऊन पडतील आणि काही जागा रिकाम्या राहतील. तुम्हाला ट्रॅक्टर कुठे चाललाय ते दाखवायचं आहे, तेव्हा बाण काढताना दोन्ही चिन्हं उलटी करा, विषय संपला.

इथेच आणखी एक गंमत होते. प्रतिमेत y खाली वाढतो. तुम्ही बाण matplotlib च्या `quiver` ने काढत असाल तर `angles='xy'` लिहा. नाही लिहिलं तर चित्राचा अक्ष उलटा असूनही वरखाली जाणारे बाण उलटे दिसतात, आणि माणूस दोन दिवस गणितात चूक शोधत बसतो. आडवे बाण बरोबर आणि उभे उलटे असं दिसलं तर हेच समजा.

ट्रॅक्टरवरच्या शून्याचं पहिलं संशयित कारण म्हणजे `uint8`. प्रतिमा वाचली की पिक्सेल ० ते २५५ च्या बिनचिन्हाच्या प्रकारात येतात, आणि `numpy` मध्ये त्यांची थेट वजाबाकी केली तर ३४ − ३५ चं उत्तर −१ येत नाही, २५५ येतं. त्यावर `np.abs` लावून काही उपयोग नाही, चिन्ह तोवर गेलेलं असतं. वरच्याच ब्लॉकवर बघा. बरोबरच्या जागी, (−1, 0) वर, चार पिक्सेल उणे एकने गेले आहेत आणि चार अधिक एकने. खरा एसएडी ८. या चुकीने तो होतो ४ गुणिले २५५ अधिक ४, म्हणजे १०२४. आणि (0, 0) वर एकही फरक उणे नाही, म्हणून तिथला १४० जसाच्या तसा राहतो. प्रोग्रॅम म्हणणार, ठिपका हललाच नाही. तुमच्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळतं, म्हणून माझा पहिला संशय इथेच जातो.

```python
d = cur.astype(np.int16) - ref.astype(np.int16)
sad = np.abs(d).sum()
```

एवढं केलं की झालं, किंवा `cv2.absdiff` वापरा. सी मधून उतरवलेल्या कोडमध्ये ही चूक हमखास सापडते. सी मध्ये वजाबाकीआधी दोन्ही आकडे आपोआप `int` होतात, त्यामुळे तिथे तोच कोड बिनबोभाट चालत असतो.

आता भिंत. हा भाग जरा सावकाश वाचा. चुन्याची भिंत, सगळीकडे उजेड सारखा, पिक्सेल साधारण ५०. पण कॅमेऱ्याचा आवाज असतोच, म्हणजे काहीही न हलता प्रत्येक फ्रेममध्ये पिक्सेल एकदोनने वरखाली होतो. आधीची फ्रेम:

```
५१  ५०  ५०  ४९  ५०
५०  ५१  ४९  ५०  ५१
५०  ५०  ५१  ५०  ४९
४९  ५०  ५०  ५१  ५०
५०  ४९  ५०  ५०  ५१
```

आत्ताच्या फ्रेममधला मधला ब्लॉक:

```
५०  ५१  ५०
४९  ५०  ५१
५०  ५०  ४९
```

आणि एसएडीचा तक्ता:

```
८  ८  ३
४  ८  ९
५  ३  ८
```

भिंत जागची हललेली नाही, खरं उत्तर (0, 0). तिथला एसएडी ८. किमान किंमत ३, आणि ती दोन ठिकाणी आहे: एक वर उजवीकडे, एक सरळ खाली. तुमच्या लूपमध्ये `<` असेल तर पहिला मिळेल, `<=` असेल तर दुसरा. म्हणजे बाण कुठे पळणार हे भिंतीने ठरवलं नाही, तुमच्या कोडमधल्या एका चिन्हाने ठरवलं. पुढच्या फ्रेमला कॅमेऱ्याचा आवाज बदलला की बाण तिसरीकडे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. ट्रॉलीच्या ब्लॉकवर बरोबर उत्तराचा एसएडी ८ होता. भिंतीवरच्या खोट्या उत्तराचा ३ आहे. म्हणजे खोटं उत्तर खऱ्यापेक्षा 'चांगलं' दिसतंय. अनेक जण इथे 'एसएडी अमुकपेक्षा कमी असेल तरच व्हेक्टर धरा' अशी अट टाकतात. त्या अटीने भिंतीचे सगळे बाण आत येतील आणि ट्रॅक्टरचे काही बाहेर जातील. तक्त्यातला सगळ्यात छोटा आकडा पाहून काही कळत नाही. त्याच्या भोवतीची जमीन किती उंच आहे ते बघायला हवं.

व्यवहारात मी दोन उपाय करतो आणि त्याच क्रमाने करतो.

पहिला उपाय शोध सुरू करण्याआधीचा. ब्लॉकमध्ये ओळखण्यासारखं काही आहे का ते पाहायचं. ब्लॉकची सरासरी काढा आणि प्रत्येक पिक्सेल तिच्यापासून किती लांब आहे त्याची बेरीज करा. भिंतीच्या ब्लॉकची सरासरी बरोबर ५० आणि बेरीज फक्त ४. ट्रॉलीच्या ब्लॉकची सरासरी सुमारे ४५.४ आणि बेरीज सुमारे १६०. आता कॅमेऱ्याचा आवाज किती ते माहीत हवं. गेटवर काही हलत नसताना लागोपाठच्या दोन फ्रेम घ्या आणि (0, 0) चा एसएडी सगळ्या ब्लॉकवर मोजा. आपल्या भिंतीवर तो ८ आहे, म्हणजे पिक्सेलमागे एकाच्या आत. ब्लॉकमधला स्वतःचा चढउतार ४ आणि आवाज ८, मग तिथे शोधायचं तरी काय? असा ब्लॉक 'माहीत नाही' म्हणून सोडून द्या. शून्यसुद्धा लिहू नका, कारण शून्य म्हणजे 'हललं नाही' असा दावा होतो. किती पट चढउतार असला की ब्लॉक धरायचा हे कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. मी आवाजाच्या चौपटीपासून सुरू करतो आणि रात्रीच्या चित्रणावर बघून वरखाली करतो. रात्री कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे सिग्नल फुगवतो आणि त्याबरोबर आवाजही, त्यामुळे दिवसाचा आकडा रात्री चालत नाही.

दुसरा उपाय शून्याला थोडी सूट द्यायचा. (0, 0) च्या एसएडीमधून एक ठरावीक आकडा वजा करायचा आणि मगच तुलना करायची. एच.२६३ या जुन्या व्हिडिओ कोडेकच्या चाचणी मॉडेलमध्ये १६×१६ च्या ब्लॉकला १०० ची सूट होती, म्हणजे २५६ पिक्सेलमागे १००, पिक्सेलमागे ०.४ च्या आसपास. आपल्या नऊ पिक्सेलना त्या हिशोबाने साडेतीन मिळाले असते, आणि ८ − ३.५ म्हणजे ४.५, तरीही ३ जिंकला असता. छोट्या ब्लॉकला पिक्सेलमागे जास्त सूट लागते, कारण थोड्या पिक्सेलमध्ये आवाज एकमेकांना पुरेसा खोडत नाही. पिक्सेलमागे १ दिला तर ८ − ९ = −१, शून्य जिंकलं. ट्रॉलीवर तीच सूट दिली तर १४० − ९ = १३१, तो ८ ला हरतो, म्हणजे खरी हालचाल सुरक्षित राहते. मात्र सूट जास्त वाढवू नका. सावकाश, एकेक पिक्सेल सरकणारी आणि रस्त्याच्याच रंगाची वस्तू असेल, आपल्या काळ्या मातीने माखलेली ट्रॉली म्हणा, तर तिची हालचाल या सुटीतच जिरून जाईल.

कोडेकवाल्यांना ही अडचण एवढी टोचत नाही हेही सांगून टाकतो, कारण पुस्तकांत सगळी उदाहरणं कोडेकची असतात. त्यांना भिंतीवर चुकीचा व्हेक्टर आला तरी चालतो. उचललेला तुकडा भिंतीसारखाच दिसतो, चित्र नीट येतं, प्रश्न मिटला. त्यांची काळजी व्हेक्टर लिहायला किती बिट लागतात एवढीच, म्हणून ते एसएडीमध्ये बिटांचा खर्च मिळवून किमान शोधतात. तुम्हाला गाडीची दिशा हवी आहे. गरज वेगळी, म्हणून त्यांचा निकष तसाच उचलून चालत नाही.

आता शून्याच्या दुसऱ्या कारणाकडे येतो. `uint8` दुरुस्त करूनही ट्रॉलीवर शून्य येत असेल तर ते नेमकं कुठे येतंय ते बघा. ट्रॉलीची लांबलचक बाजूची फळी घ्या. तिची वरची कड आडवी आणि सरळ. तिच्या मधोमध पडलेल्या ब्लॉकमध्ये काय दिसतं? एक आडवी उजळ पट्टी, वर-खाली गडद. आकडे सोपे धरू: ओळी २०, ८०, २०, आणि प्रत्येक ओळीतले सगळे पिक्सेल सारखे. आजूबाजूच्या ओळीही २० च्याच. तक्ता असा येईल:

```
३६०  ३६०  ३६०
  ०    ०    ०
३६०  ३६०  ३६०
```

इथे विहीर नाही, लांबच लांब चर आहे. वर-खाली हललं नाही हे ब्लॉक छातीठोकपणे सांगतो. आडवं किती हललं याची मात्र त्याला काहीच कल्पना नाही, कारण पट्टी स्वतःच्याच रेषेत सरकली तर छोट्या खिडकीतून तो फरक दिसतच नाही. ट्रॉली उजवीकडे चार पिक्सेल गेली असली तरी हाच तक्ता. त्यात तुम्ही शून्याला सूट दिली असेल तर हमखास शून्य येणार. मघाशी सांगितलेली चढउताराची चाचणी हा ब्लॉक बिनतक्रार पास करतो, कारण २० आणि ८० मध्ये चढउतार भरपूर आहे. म्हणून शून्य चाकावर, ट्रॉलीच्या कोपऱ्यावर, पोत्यांच्या ढिगावर आलं तर कोड तपासा. फळीच्या मधोमध आलं तर कोडला दोष देऊ नका.

पत्र्याच्या शेडचंही थोडं असंच. पन्हाळी पत्र्याच्या उभ्या खाचा ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतात. खाचांमधलं अंतर सहा पिक्सेल असेल तर (0, 0), (6, 0) आणि (−6, 0) तिन्हीकडे जवळजवळ सारखी विहीर. आवाज ज्या बाजूला थोडा कमी तिकडे बाण. तेव्हा किमान सापडला की त्याच्यापासून एका पिक्सेलहून लांब असलेली दुसरी विहीर किती खोल आहे ते बघा, आणि दोघींमध्ये ठळक अंतर असेल तरच व्हेक्टर धरा. शेजारचा एक पिक्सेल मुद्दाम वगळायचा, कारण गाडी अर्धा पिक्सेल हलली असेल तर शेजारशेजारच्या दोन जागा सारख्याच कमी येतात आणि त्यात काही वावगं नाही. चरही याच चाचणीत पकडला जातो, फक्त त्यासाठी शोध ±१ पेक्षा मोठा हवा.

फळीवरचा चर आणि भिंतीवरचा सपाट माळ दोन्ही टाळायचे तर ब्लॉक मोठा करणं हा सरळ मार्ग. १६×१६ केला की फळीबरोबर एखादा कोपरा, खिळा, रंगाचा पोपडा आत येतो आणि चराची विहीर होते. पण मग ब्लॉकच्या अर्ध्या भागात ट्रॉली आणि अर्ध्या भागात रस्ता असा प्रकार वाढतो. अर्धा ब्लॉक हललाय, अर्धा नाही, आणि व्हेक्टर एकच. ज्या अर्ध्यात उठाव जास्त त्याच्या बाजूने निकाल लागतो. एच.२६४ मध्ये (२००३) ब्लॉक ४×४ पर्यंत लहान करायची मुभा आहे ती अशा कडांसाठी, पण तिथे आधी सांगितलं तसं, खरी दिशा कोणी विचारत नाही. तुमच्या कामाला मी १६×१६ चा ब्लॉक घेऊन तो ८-८ पिक्सेलने सरकवत नेईन. उत्तरं ८×८ इतकीच दाट मिळतात आणि प्रत्येक उत्तरामागे २५६ पिक्सेलचा पुरावा असतो. मग ट्रॅक्टरवरच्या भरवशाच्या ब्लॉकच्या dx चा मध्यक घ्यायचा. सरासरी नको, एकच भरकटलेला बाण तिला ओढून नेतो.

शोधाची व्याप्ती ±७ का घेतली ते तुम्ही लिहिलं नाही, बहुधा पुस्तकात होती म्हणून. आपल्या गेटवर हिशोब करून बघा. समजा ६४० पिक्सेल रुंद चित्रात आठ मीटर रस्ता दिसतो, म्हणजे मीटरला ८० पिक्सेल. ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटरने आला तर सेकंदाला सुमारे २.८ मीटर, आणि सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दोन फ्रेममध्ये ११ सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ ९ पिक्सेल. तुमच्या ±७ मध्ये खरी जागा येतच नाही! गेटशी वेग कमी झाला की उत्तर बरोबर, मोकळा रस्ता मिळाला की चूक. ओळखायची खूण अशी की किमान एसएडी खिडकीच्या अगदी कडेला अडकून बसतो, dx −7 वर, आणि तोही फारसा कमी नसतो. कडेला आलेला व्हेक्टर धरू नका, खिडकी वाढवा. आडवी ±१६ आणि उभी ±४ एवढी पुरेल, गेटवर ट्रॅक्टर उड्या मारत नाही. जागा होतात ३३ गुणिले ९ म्हणजे २९७. तुमच्या ±७ मध्येही २२५ होत्याच, तेव्हा खर्च फार वाढत नाही.

तरी हळू वाटलं तर बेरीज अर्ध्यावर सोडायची युक्ती वापरा. आतापर्यंतचा किमान ८ असेल आणि नव्या जागेच्या पहिल्याच पिक्सेलचा फरक २६ निघाला, तर पुढचे आठ पिक्सेल मोजायची गरज काय? उत्तरात काडीचाही फरक पडत नाही, वेळ मात्र वाचतो. फक्त पूर्ण तक्ता छापून बघायचा असेल तेव्हा ही युक्ती बंद ठेवा, नाहीतर त्यात अर्धवट बेरजा दिसतील. आणि दुसऱ्या विहिरीची चाचणी करत असाल तर किमान ८ वर न थांबता तुमच्या अंतराइतकं पुढे मोजून मगच सोडा. थ्री स्टेप सर्चसारख्या पद्धती ±७ मध्ये २२५ ऐवजी २५ च जागा बघतात, पण खऱ्या जागेकडे जाताना एसएडी पायरीपायरीने उतरत जातो असं त्या गृहीत धरतात. पन्हाळी पत्र्यावर त्या पहिल्याच खड्ड्यात पडतात. आधी पूर्ण शोधाने उत्तर पक्कं करा, मग हवं तर त्यांच्या नादी लागा.

शेवटी उजेडाचं, कारण मोंढ्यात रात्रीही आवक असते आणि तुम्ही आज ना उद्या रात्रीच्या फ्रेम घेणारच. परभणीकडच्या एका जिनिंगच्या गेटवर आम्ही कापसाच्या गाड्या मोजत होतो. दिवसा सगळं ठाकठीक. रात्री रिकाम्या गेटवर सगळी भिंत एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे सरकल्यासारखी दिसायची. मी आठवडाभर कोड उसवला. नंतर एका रिकाम्या भिंतीच्या ब्लॉकचा (0, 0) चा एसएडी फ्रेमवार कागदावर उतरवला, तेव्हा दिसलं की दर तीन फ्रेमनी तोच नमुना फिरून येतोय. वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेरा मात्र कोणीतरी सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला, आणि गाड्या धूसर दिसू नयेत म्हणून शटर आखूड केलेलं. दोन फ्रेममध्ये उजेडाची सव्वातीनहून थोडी जास्त आवर्तनं, म्हणून प्रत्येक फ्रेमला उजेडाचा वेगळाच क्षण मिळायचा. तीन फ्रेमला बरोबर दहा आवर्तनं पुरी व्हायची.

पण नुसता उजेड बदलला तर बाण आडवे का पळावेत? ट्यूब भिंतीच्या एका टोकाला होती. तिच्याजवळ भिंत उजळ, लांब जाईल तशी अंधुक. फ्रेम उजळली की प्रत्येक ब्लॉक जुन्या फ्रेममध्ये आपल्याइतकी उजळ जागा शोधतो, आणि ती ट्यूबकडच्या बाजूला सापडते. एसएडी प्रामाणिकपणे तिकडे बोट दाखवतो. फ्रेम अंधारली की उलट. कॅमेरा २५ फ्रेमवर आणला, म्हणजे दोन फ्रेममध्ये बरोबर चार आवर्तनं, आणि भिंत गप्प झाली. कॅमेऱ्याच्या सेटिंगला हात लावता येत नसेल तर दोन्ही ब्लॉकमधून त्यांची-त्यांची सरासरी वजा करून मग एसएडी काढा. ट्रॉलीचा ब्लॉक सगळा ६ ने उजळला तर बरोबरच्या जागी साधा एसएडी ८ वरून ५४ होतो, पण सरासरी वजा केली की पुन्हा ८ च्या आसपास येतो. भिंतीच्या बाबतीत मात्र सरासरी काढून टाकल्यावर हातात फक्त आवाज उरतो, म्हणून चढउताराची चाचणी त्याच्या आधीच लावलेली असली पाहिजे.

तुम्ही आधी `int16` ची दुरुस्ती करा, चिन्हं उलटा, खिडकी आडवी वाढवा, आणि तीन ब्लॉकचे पूर्ण तक्ते छापा: एक चाकावरचा, एक फळीच्या मधला, एक भिंतीवरचा. ते इथे टाका, मग कुठल्या ब्लॉकला किती सूट द्यायची ते तुमच्या कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून सांगतो.